मर्यादेच्या आतली महागाई

६ डिसेंबर २०२५, शनिवार. त्या दिवशी नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने चार आकडे जाहीर केले. देशांतर्गत प्रवास ५०० किलोमीटरपर्यंतचा असेल तर एकेरी तिकीट जास्तीत जास्त ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,०००, १,००० ते १,५०० किलोमीटरला १५,००० आणि त्यापुढे १८,०००. आदल्याच दिवशी इंडिगोची हजाराहून अधिक उड्डाणे रद्द झाली होती. वैमानिकांच्या कामाच्या तासांचे आणि विश्रांतीचे नवे नियम १ नोव्हेंबरपासून पूर्णपणे लागू झाले होते आणि त्यांत बसेल असे वेळापत्रक कंपनीला जुळवता आले नव्हते. अडकलेले प्रवासी मिळेल त्या विमानाची जागा शोधत होते आणि काही मार्गांवर एकेरी तिकीट चाळीस-पन्नास हजारांपर्यंत गेले होते. अशा वेळी सरकारने कमाल भाडे ठरवले हे योग्यच झाले. बापाच्या अंत्यविधीला निघालेल्या माणसाकडून पन्नास हजार घेणे याला बाजारभाव म्हणत नाहीत.

पण तेच चार आकडे एखाद्या साध्या दिवसाशेजारी ठेवून पाहा. मुंबई–नागपूर हे हवाई अंतर सुमारे ७०० किलोमीटर, म्हणजे मर्यादा १२,००० रुपये. दोन-तीन आठवडे आधी काढलेले याच मार्गाचे आडवारचे तिकीट बहुधा चार-पाच हजारांत मिळते. दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी तेच तिकीट अकरा हजारांना विकले, तर प्रवाशाच्या खिशातून दुपटीहून जास्त रक्कम जाते आणि मर्यादेचा भंग मात्र कुठेच होत नाही. चौघांचे कुटुंब असेल तर फक्त जाण्याचे चव्वेचाळीस हजार, तेही कायद्याच्या चौकटीत राहून.

सणासुदीला विमानभाडे वाढले की दरवर्षी ‘सरकारने मर्यादा घालावी’ अशी मागणी होते. मागणीमागचा संताप खरा आहे. पण कमाल मर्यादा नेमके काय थांबवते आणि काय थांबवत नाही, हे समजून घेतले नाही तर आपण चुकीच्या गोष्टीसाठी भांडत राहू.

कायदा काय म्हणतो

१९५३ मध्ये हवाई वाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि पुढची चार दशके देशातल्या नियमित विमानसेवेवर सरकारी कंपन्यांचीच मक्तेदारी होती. १९९४ मध्ये तो कायदा रद्द झाला, खासगी कंपन्यांना नियमित सेवेची मुभा मिळाली आणि भाडे ठरवण्याचा अधिकार कंपन्यांकडे गेला. तेव्हापासून विमान नियम १९३७ मधला नियम १३५ हा या विषयाचा आधार आहे. प्रत्येक कंपनीने सेवेचा खर्च, सेवेचे स्वरूप, वाजवी नफा आणि बाजारात चालू असलेले दर लक्षात घेऊन ‘वाजवी’ भाडे ठरवावे आणि ते जाहीर करावे, असे हा नियम सांगतो. वाजवी म्हणजे किती रुपये, ते मात्र सांगत नाही.

डीजीसीए, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, हे या क्षेत्राचे नियामक. त्यांच्याकडे २०१० पासून भाड्यांवर नजर ठेवणारा एक विभाग आहे. तो निवडक मार्गांवरची भाडी तपासतो. पण कंपनी स्वतः जाहीर केलेल्या पट्ट्याबाहेरचे भाडे घेते आहे का, एवढेच मुख्यतः तिथे पाहिले जाते. कंपनीने मुंबई–नागपूरसाठी साडेतीन हजार ते अकरा हजार असा पट्टा जाहीर केला असेल आणि दिवाळीत अकरा हजार घेतले असतील, तर तपासणीत काहीच वावगे सापडत नाही.

आणीबाणीच्या प्रसंगी थेट मर्यादा घालण्याचा अधिकार सरकारकडे आहे आणि तो त्याने दोनदा ठळकपणे वापरला: २०२० मध्ये कोविडकाळात आणि २०२५ च्या डिसेंबरात. मात्र दुसऱ्या वेळी, आदेशानंतर आठवडाभरातच, नागरी विमान वाहतूक मंत्री के. राममोहन नायडू यांनी लोकसभेत सांगितले की वर्षभर भाडे बांधून ठेवणे व्यवहार्य नाही. सरकारच्या दृष्टीने मर्यादा हे संकटातले हत्यार आहे, सणासुदीचे नाही. माझ्या मते यातला पहिला भाग बरोबर आहे. पण त्यातून ‘सणासुदीला काहीच करता येत नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. तो का निघत नाही, हे समजायला भाडे चढते कसे ते पाहावे लागेल.

एका विमानाचा हिशेब

विमानातल्या जागांना एकच भाडे कधीच नसते. इकॉनॉमीतल्या सगळ्या जागा सारख्याच अरुंद असल्या तरी विक्रीच्या हिशेबात त्यांचे आठ-दहा किंवा त्याहून जास्त टप्पे पाडलेले असतात. व्यवसायातले लोक त्यांना ‘बकेट’ म्हणतात. प्रत्येक बकेटला एक भाडे आणि त्यात ठरावीक जागा. खालची बकेट संपली किंवा बंद केली की वरची उघडते. ‘सकाळी पाहिले तेव्हा ४,८०० होते, दुपारी ६,५०० झाले’ असे आपण म्हणतो, तेव्हा भाडे बदललेले नसते. आपण पाहत होतो त्या टप्प्यातल्या जागा संपलेल्या असतात.

हे नीट कळावे म्हणून एक हिशेब मांडतो. आकडे मी समजावण्यापुरते घेतले आहेत, पण रचना खरी आहे. मुंबई–नागपूर विमान, १८० जागा. कंपनीने पाच टप्पे जाहीर केले आहेत: ३,५००, ४,८००, ६,५००, ८,५०० आणि ११,००० रुपये. पाचही टप्पे १२,००० च्या मर्यादेच्या आत आहेत.

एखाद्या साध्या बुधवारी १२० प्रवासी मिळतील असा कंपनीचा अंदाज आहे. मग ती पहिल्या तीन टप्प्यांत प्रत्येकी ४० जागा ठेवते. त्या भरतात, वरचे दोन टप्पे उघडतच नाहीत. विमानाला मिळतात ५ लाख ९२ हजार रुपये, म्हणजे माणशी सरासरी सुमारे ४,९३०.

आता दिवाळीच्या आदला शुक्रवार. तेच विमान, तेच अंतर, तेवढेच इंधन, तेच पाच टप्पे. पण या दिवशी विमान भरणारच हे कंपनीला महिनाभर आधीपासून माहीत आहे. म्हणून ती ३,५०० च्या टप्प्यात फक्त १० जागा ठेवते, ४,८०० मध्ये १५, ६,५०० मध्ये २५, ८,५०० मध्ये ५० आणि उरलेल्या ८० जागा थेट ११,००० मध्ये. सगळ्या विकल्या जातात. मिळकत होते १५ लाख ७४ हजार ५००, म्हणजे माणशी सरासरी सुमारे ८,७५०.

माणशी सरासरी ७७ टक्क्यांनी वाढली. पण नियामकाने हातात भाडेपत्रक घेतले तर त्याला काय दिसेल? बुधवारचे पत्रक आणि शुक्रवारचे पत्रक अगदी एकसारखे. पाच आकडे जिथल्या तिथे, सगळे मर्यादेखाली. बदलली ती कोणत्या आकड्यामागे किती जागा ठेवायच्या याची वाटणी, आणि त्या वाटणीबद्दल कमाल मर्यादा एक अक्षरही बोलत नाही. सणाच्या दिवशी विमानभाडे वाढते ते असे.

ही वाटणी कंपन्या मनाला येईल तशी करत नाहीत, त्यामागे जुने गणित आहे. ब्रिटिश सरकारी विमान कंपनी बीओएसीमधल्या केन लिटलवुड यांनी १९७२ मध्ये ते मांडले आणि आजच्या सगळ्या संगणकीय प्रणालींच्या मुळाशी तोच विचार आहे. आज एक प्रवासी ४,८०० रुपयांना जागा मागतो आहे. ती त्याला द्यावी, की शेवटच्या दिवशी ११,००० देणाऱ्यासाठी राखून ठेवावी? साध्या बुधवारी असा प्रवासी येण्याची शक्यता दहात एक असेल, तर राखून ठेवलेल्या जागेची आजची किंमत फक्त १,१०० रुपये. तेव्हा आता ४,८०० घेणेच शहाणपणाचे. दिवाळीच्या आधी ती शक्यता दहात नऊ असते, म्हणजे जागेची किंमत ९,९०० होते. मग कंपनी ४,८०० वाल्याला जागा देतच नाही. त्याच्या पडद्यावर थेट वरच्या टप्प्याचे भाडे दिसते. दीड महिना आधी तिकीट काढायला बसूनही दिवाळीचे भाडे चढलेलेच का असते, याचे उत्तर इथे आहे. स्वस्त टप्पे विकून संपलेले नसतात, ते मुळात अगदी थोडे उघडलेले असतात.

कोविडकाळाने शिकवलेले

विमानभाड्याच्या मर्यादेचा आपल्याकडचा सर्वात मोठा प्रयोग मे २०२० ते ऑगस्ट २०२२ असा सव्वादोन वर्षे चालला. टाळेबंदीनंतर २५ मे २०२० रोजी देशांतर्गत विमाने पुन्हा उडू लागली, तेव्हा सरकारने उड्डाणाच्या वेळेनुसार सात गट केले आणि प्रत्येक गटाला किमान आणि कमाल अशी दोन्ही भाडी ठरवून दिली. दिल्ली–मुंबई हा मार्ग दीड ते दोन तासांच्या गटात होता. त्याचे किमान भाडे ३,५०० आणि कमाल १०,००० रुपये.

त्या आदेशात आणखी एक कलम होते आणि आज ते जवळजवळ कोणाच्याच आठवणीत नाही. प्रत्येक विमानातल्या किमान ४० टक्के जागा या पट्ट्याच्या मध्यापेक्षा कमी भाड्याने विकणे बंधनकारक होते. दिल्ली–मुंबईसाठी मध्य सुमारे ६,७५० रुपये येतो. म्हणजे १८० जागांच्या पूर्ण विमानात ७२ जागा त्याखाली हव्यात. वरच्या हिशेबाला हे कलम लावून पाहा. आपल्या दिवाळीच्या विमानात ३,५००, ४,८०० आणि ६,५०० या खालच्या तिन्ही टप्प्यांत मिळून ५० जागा होत्या. ६,७५० ची रेघ तिथेही धरली, तर कंपनीला आणखी २२ जागा खाली आणाव्या लागल्या असत्या. कमाल आकड्याने जे साधले नाही ते या साध्या अटीने साधते, कारण ती नुसत्या पत्रकाला नाही, जागांच्या वाटणीला हात घालते.

पुढे काय झाले ते मात्र पाहण्यासारखे आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये किमान भाडे १० टक्क्यांनी आणि कमाल ३० टक्क्यांनी वाढवले गेले. दिल्ली–मुंबईचा पट्टा ३,९०० ते १३,००० झाला. नंतर किमान भाडे आणखी काही वेळा वाढले. किमान भाडे होते ते कमकुवत कंपन्या भाडेयुद्धात बुडू नयेत म्हणून, पण त्याचा अर्थ असा की रिकाम्या दिवशीही प्रवाशाला फार स्वस्त तिकीट मिळू शकत नव्हते. मर्यादा नेहमी प्रवाशाच्याच बाजूची असते असे नाही, हे त्या काळात दिसले.

सप्टेंबर २०२१ मध्ये तर नियमाचा आवाकाच बदलला. पट्टा फक्त पुढच्या पंधरा दिवसांतल्या प्रवासाला लागू राहिला. सोळाव्या दिवसापासून पुढचा प्रवास असेल तर कंपनी हवे ते भाडे लावायला मोकळी होती. त्या वर्षी लक्ष्मीपूजन ४ नोव्हेंबरला होते. २ नोव्हेंबरला गावी पोहोचायचे म्हणून ज्यांनी १८ ऑक्टोबरपर्यंत तिकिटे काढली, त्यांच्या तिकिटाला कमाल मर्यादेचे संरक्षणच नव्हते. आणि दिवाळीची तिकिटे आपण काढतो ती नेमकी याच काळात, आधीच. अखेरच्या क्षणी धावणाऱ्याला छत मिळाले, वेळेत नियोजन करणारा उघड्यावर राहिला. ३१ ऑगस्ट २०२२ रोजी ही सगळी व्यवस्था संपली.

मर्यादेबाहेर राहणाऱ्या रकमा

डिसेंबर २०२५ च्या आदेशाबद्दल प्रवाशांचा आणखी एक गोंधळ झाला. जाहीर झालेला आकडा हा मूळ भाड्याचा होता. विमानतळ विकास शुल्क, प्रवासी सेवा शुल्क आणि कर त्यात धरलेले नव्हते. १५,००० च्या तिकिटावर इकॉनॉमीचा ५ टक्के जीएसटी धरला तरी ७५० रुपये वाढतात आणि विमानतळाची शुल्के धरून एकूण रक्कम सोळा हजारांच्या घरात जाते. ती पाहून अनेकांना वाटले की कंपनीने मर्यादा मोडली. जागानिवडीचे, जादा सामानाचे, जेवणाचे पैसे आणि संकेतस्थळाचे सुविधा शुल्क हे तर पुन्हा वेगळेच. बिझनेस क्लास आणि उडान योजनेतली उड्डाणे आदेशातून वगळलेली होती.

म्हणून कमाल मर्यादा लागू असेल तेव्हा तिकिटाची एकूण रक्कम पाहू नये, तिचे तुकडे पाहावेत. ‘बेस फेअर’ या शीर्षकाखाली लिहिलेला आकडा मर्यादेशी ताडून पाहायचा. काही कंपन्या इंधन अधिभार वेगळा दाखवतात, तोही मूळ भाड्याचाच भाग समजावा. हा आकडा मर्यादेपेक्षा जास्त असेल तर पडद्याचे छायाचित्र तारखेसह जपून ठेवावे आणि मंत्रालयाच्या ‘एअरसेवा’वर तक्रार करावी. मूळ भाडे मर्यादेत असेल, तर तुमचे म्हणणे कितीही खरे असले तरी या नियमाखाली तक्रार टिकणार नाही.

मग मर्यादाच खाली आणली तर?

सगळ्यांच्या मनात येणारा उपाय हाच. १२,००० ऐवजी मर्यादा ६,५०० करा. आपल्या विमानात मग शेवटचे दोन टप्पे नाहीसे होतील. पण शुक्रवारी नागपूरला जायला तीनशे लोक निघाले असतील तर जागा १८० च राहतील. फरक एवढाच की कोणाला जागा मिळणार हे आता पैशाऐवजी वेळ ठरवेल. सहा आठवडे आधी ज्यांना रजा नक्की माहीत आहे त्यांना जागा मिळेल. कारखान्यातल्या ज्या कामगाराची सुट्टी चार दिवस आधी मंजूर होते, जिच्या परीक्षेची तारीख पुढे गेली ती विद्यार्थिनी, घरात अचानक कोणी आजारी पडले तो माणूस, यांच्यापुढे महाग तिकीट नसेल, तिकीटच नसेल. रेल्वेच्या आरक्षणाची खिडकी उघडताच काही मिनिटांत प्रतीक्षायादी लागते, हा अनुभव आपल्याला नवा नाही. भाडे बांधले की टंचाई संपत नाही, ती रांगेत जाऊन उभी राहते.

टंचाई का होते याची एक बाजू नेहमी दुर्लक्षित राहते. सणाची गर्दी एकाच दिशेने असते. दिवाळीआधी मुंबई-पुण्याहून विदर्भ-मराठवाड्याकडे विमाने भरून जातात आणि परतताना अर्धी रिकामी येतात. दिवाळीनंतर चित्र उलटे. आपल्या हिशेबातले शुक्रवारचे विमान परतीला ५० प्रवासी घेऊन आले आणि प्रत्येकाने ३,५०० दिले, तर परतीची मिळकत पावणेदोन लाख होते. जाताना विमानाने साध्या दिवसाच्या अडीचपटीहून जास्त कमावले असले, तरी जाऊन-येऊन मिळून कमाई साध्या दिवसाच्या दीडपटच होते. कंपनीची बाजू म्हणून नव्हे, तर जादा विमान लावायचे की नाही हा निर्णय कसा होतो ते कळावे म्हणून हे सांगायला हवे. रिकाम्या परतीचा खर्च कोणीतरी भरावाच लागतो.

पण ‘मागणी वाढली, भाडे वाढले’ एवढे म्हणून विषय संपवणे हेही अर्धसत्यच. भाडे वाढले की दुसरी कंपनी विमान घेऊन येईल आणि भाडे उतरेल, असा बाजाराचा युक्तिवाद असतो. आपल्याकडे ती दुसरी कंपनी उरलीय कुठे? जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये थांबली, गो फर्स्ट मे २०२३ मध्ये. आज देशांतर्गत प्रवाशांपैकी दहातले सहाहून अधिक एकट्या इंडिगोने जातात, आणि एअर इंडिया समूह धरला तर दहातले नऊ या दोघांकडे. जिला विमान लावायचे आहे तिलाही मुंबईसारख्या विमानतळावर गर्दीच्या वेळी उतरायला-उडायला स्लॉट, म्हणजे राखीव वेळ, मिळत नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी वापरता येत नाहीत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली. मुंबईच्या सणासुदीच्या भाड्यांसाठी हा बदल कोणत्याही कमाल आकड्यापेक्षा जास्त उपयोगाचा आहे, पण तिथे नवी विमाने येतील तेव्हा.

विमाने वाढवली तेव्हा

जागा वाढवण्याचा सरकारी प्रयत्न कसा असतो हे २०२५ च्या महाकुंभात दिसले. प्रयागराजची भाडी कैकपट वाढल्यावर ओरड झाली. तेव्हा डीजीसीएने कंपन्यांशी बोलून जानेवारीत ८१ जादा उड्डाणांना मंजुरी दिली आणि प्रयागराजला जोडणारी उड्डाणे १३२ वर गेली. कंपन्यांना भाडी वाजवी ठेवायलाही सांगितले गेले. शाहीस्नानाच्या दिवसांची भाडी त्याने साधी झाली नाहीत, कारण एकाच दिवशी एकाच ठिकाणी पोहोचण्याची इच्छा कोट्यवधींना होती. पण आदेश काढून आकडा बांधण्यापेक्षा हा मार्ग अधिक सरळ आहे. त्यात जेवढ्या जागा वाढतात तेवढी माणसे खरोखर जास्त जातात. त्याची मर्यादा अशी की ओरड झाल्यावर तो सुरू झाला. कुंभाची तारीख काही अचानक ठरलेली नव्हती. दिवाळीची आणि गणपतीचीही नसते.

भाडे स्थिर ठेवण्याचाही एक छोटा प्रयोग झाला. सरकारी मालकीच्या अलायन्स एअरने ऑक्टोबर ते डिसेंबर २०२५ या काळात निवडक मार्गांवर एकच भाडे ठेवले. दोन महिने आधी काढा की त्याच दिवशी, पैसे तेवढेच. प्रवाशाला हिशेब लागतो, मन शांत राहते. पण ही छोटी विमाने चालवणारी छोटी कंपनी आहे. तिच्या भाड्याने बाजार हलत नाही.

महाराष्ट्रात रस्त्यावरही हाच धडा आहे. खासगी प्रवासी बसगाड्यांनी एसटीच्या भाड्याच्या दीडपटीहून जास्त भाडे घेऊ नये, असे राज्य सरकारने एप्रिल २०१८ मध्ये ठरवले. नियम चांगला आहे, पण तोही छताचाच. एसटीचे भाडे ८०० असेल तर साध्या दिवशी ७०० ला मिळणारी खासगी बसची जागा दिवाळीत १,२०० ला विकणे त्यात बसते. ७०० वरून १,२०० ही वाढ प्रवाशाला ओरबाडणारी वाटते, नियमाला मात्र ती दिसत नाही.

मागायचे काय

कमाल मर्यादा हवीच. डिसेंबर २०२५ सारखी परिस्थिती पुन्हा आली तर पहिल्याच दिवशी हवी. उड्डाणे कोसळल्यावर चौथ्या दिवशी आदेश निघाला, तोवर हजारो लोकांनी पन्नास हजार भरून झालेले असतात. पण दरवर्षी येणाऱ्या सणांसाठी ते हत्यार मोठे आणि बोथट आहे. आकडा उंच ठेवला तर कोणाच्या उपयोगाचा नाही, खाली ठेवला तर जागाच मिळत नाहीत.

सणासाठी मागायचे ते वेगळे. एक म्हणजे, २०२० च्या आदेशातले ते विसरलेले कलम परत आणा. दरवर्षीच्या ठरावीक गर्दीच्या दिवसांसाठी, प्रत्येक उड्डाणातल्या किमान इतक्या जागा जाहीर पट्ट्याच्या मध्याखाली विकाव्यात, असे बंधन घाला. ४० टक्के जास्त वाटत असतील तर २५ ठेवा, पण आकडा असू द्या. ही अट कंपनीला शेवटच्या क्षणी आलेल्या प्रवाशाकडून अकरा हजार घेऊ देते, आणि आधी आलेल्या सर्वांनाच वरच्या टप्प्यात ढकलू देत नाही. दुसरे, आज कंपन्या टप्प्यांची भाडी जाहीर करतात, तशीच प्रत्येक टप्प्यात किती जागा प्रत्यक्ष विकल्या गेल्या हेही सण संपल्यावर महिनाभरात जाहीर व्हावे. तो तक्ता पाहता येईल, तेव्हाच ‘वाजवी’ या शब्दाची तपासणी करता येईल. नियम १३५ मधला तो शब्द गेली तीन दशके तपासणीविनाच पडून आहे. आणि तिसरे, जादा उड्डाणांचे आणि रिकाम्या परतीचे नियोजन सणाच्या दोन महिने आधी व्हावे, आरडाओरड झाल्यावर नाही.

दिवाळीच्या आदल्या शुक्रवारी नागपूरचे तिकीट बुधवारच्या भावात मिळावे, ही अपेक्षा मी ठेवत नाही. तीनशे लोक आणि १८० जागा असतील तर काही जणांना जास्त द्यावे लागतील, काही जणांना रेल्वेचे दार गाठावे लागेल. पण १८० पैकी १३० जागा वरच्या दोन टप्प्यांत टाकायच्या की १०८, हा प्रश्न मागणी-पुरवठ्याचा उरत नाही. तो कंपनीच्या कार्यालयात बसून घेतलेला निर्णय असतो. त्या २२ जागांवर बसणारी माणसे सणाला घरी जाणारी माणसे आहेत, आणि त्यांचा हिशेब विचारण्याचा अधिकार नियामकाला आहे.